पाच अदलाबदली, चार का नाहीत?

मंडळी, फळीवर विश्वकोशाचे पहिले आठ खंड आहेत. साफसफाईत कुणीतरी ते उतरवले आणि हाताला येतील तसे परत लावले. आता डावीकडून पाठीवरचे आकडे असे दिसतात:

४ ६ २ ७ ८ ३ १ ५

कुठलेही दोन खंड उचलायचे आणि एकमेकांच्या जागी ठेवायचे, ही झाली एक अदलाबदल. अशा कमीत कमी किती अदलाबदलींत फळी लागेल?

बहुतेक जण म्हणतात चार. आठही खंड चुकीच्या जागी आहेत आणि एका अदलाबदलीत फार तर दोन मार्गी लागतात. चारपेक्षा कमीत होणार नाही, हे यातून खरंच सिद्ध होतं. पण चारात होईल, हे मात्र कुठे सिद्ध झालं?

आपण एका खंडाच्या मागे जाऊ. पहिल्या जागेवर ४ आहे. त्याची जागा चौथी, तिथे ७ बसलाय. सातव्या जागेवर १ आहे आणि त्याला पहिली जागा हवी आहे. म्हणजे निघालो तिथेच परत आलो. हे एक चक्र, तीन खंडांचं. ही वाट मध्येच दुसरीकडे अडकू शकत नाही, कारण प्रत्येक जागेचा हक्कदार एकच खंड असतो. आता दुसऱ्या जागेवरून निघू: तिथे ६, सहाव्या जागेवर ३, तिसऱ्या जागेवर २. हेही तिघांचं चक्र. उरले ५ आणि ८, ते एकमेकांच्या जागेवर बसलेत. एकूण चक्रं तीन.

पहिलं चक्र सोडवून बघू. पहिल्या आणि चौथ्या जागेवरचे खंड बदलले की ४ घरी पोचतो आणि ७ पहिल्या जागेवर येतो. मग पहिल्या आणि सातव्या जागेची अदलाबदल केली की ७ आणि १ दोघंही एकदम जागेवर. तिघांच्या चक्राला दोन अदलाबदली लागल्या, कारण शेवटची अदलाबदल दोघांना बसवते. चक्रात k खंड असतील तर k − 1 पुरतात. इथे २ + २ + १ = ५, म्हणजेच आठ वजा तीन. सूत्र म्हणून लिहायचं तर n − c, यात n खंडांची संख्या आणि c चक्रांची. जागेवरच असलेला खंड हे एकट्याचं चक्र, तेही c मध्ये धरायचं.

आता खरा प्रश्न. एखादी हुशार युक्ती करून चारात भागेल का? एकाच चक्रातले दोन खंड बदलले तर त्या चक्राचे नेमके दोन तुकडे होतात. दोन वेगळ्या चक्रांतले बदलले तर ती चक्रं जोडली जाऊन एक होतं. तिसरी शक्यताच नाही. म्हणजे चक्रांची संख्या दर वेळी एकानेच वाढते किंवा घटते. फळी लागली तेव्हा आठ चक्रं असतात, आज तीन आहेत. तीनवरून आठवर जायला पाच पावलं लागणारच. मला हा युक्तिवाद सूत्रापेक्षा जास्त आवडतो, कारण त्यातून आणखी एक गोष्ट कळते: चार खंडांचं चक्र दोन-दोनच्या चक्रांत मोडलं, तर एकही खंड घरी पोचत नाही, तरी ती अदलाबदल वाया गेलेली नसते. ‘चुकलेले भागिले दोन’ हा हिशेब फक्त सगळी चक्रं जोड्यांची असतील तेव्हाच बरोबर येतो.

संगणकावर आधी यादीची क्रमवार प्रत काढून कोणाची जागा कुठली ते ठरवायचं, मग भेट दिलेल्या जागेवर खूण करत चक्रं मोजायची. मोजणी एका फेरीत होते. वेळ जातो तो क्रम लावण्यात. शेजारच्याच दोघांना बदलायची परवानगी असेल तर मात्र प्रश्न वेगळा. तिथे मोठा आकडा लहानाच्या डावीकडे असलेल्या सगळ्या जोड्या मोजायच्या, शेजारच्या असोत वा दूरच्या. आपल्या फळीवर त्या पंधरा भरतात.

आणि यादीत सारख्या किमती आल्या की जपून. २ १ २ १ घ्या. क्रमाने हवी १ १ २ २. पहिला २ तिसऱ्या जागी, दुसरा चौथ्या जागी, पहिला १ पहिल्या जागी आणि दुसरा दुसऱ्या, अशी डोळे मिटून वाटणी केली तर चौघांचं एकच चक्र होतं आणि उत्तर येतं तीन. प्रत्यक्षात पहिल्या आणि चौथ्या जागेची एकच अदलाबदल पुरते! सारख्या किमतींमध्ये कोण कुठे जाणार हे आपणच ठरवू शकतो, म्हणून चक्रं जास्तीत जास्त होतील अशी वाटणी शोधावी लागते. किमती दोन-तीनच प्रकारच्या असतील तर ती सहज सापडते: आधी एकमेकांच्या जागी बसलेल्या जोड्या सोडवायच्या, मग उरतात ती तिघांची चक्रं, प्रत्येकी दोन अदलाबदलींची. पण किमतींचे प्रकार कितीही असू शकतील, अशा सर्वसाधारण रूपात हा प्रश्न एनपी-हार्ड आहे, म्हणजे मोठ्या याद्यांसाठी नेहमी झटपट अचूक उत्तर देणारी रीत आजवर कुणालाच सापडलेली नाही.