शून्य टक्क्याचं व्याज कुठे लपतं?

[दृश्य: मोबाईलचं दुकान. काचेच्या कपाटावरची पाटी. कॅमेरा हळूहळू पाटीजवळ जातो.]

पाटीवर लिहिलंय, ‘नो कॉस्ट ईएमआय. दरमहा फक्त १०,००० रुपये.’ खाली बारीक अक्षरात ‘६ महिने’ आणि त्याहून बारीक अक्षरात ‘अटी लागू’. फोनची किंमत ६०,००० रुपये. सहा हप्ते, प्रत्येकी दहा हजार. गुणाकार करून पाहिला तरी बरोबर साठ हजारच येतात. एक रुपयाही जास्त नाही. मग यात व्याज आहे म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

त्यासाठी पाटीवर नसलेला एक आकडा लागतो. हाच फोन, याच दुकानात, आत्ता एकरकमी पैसे देऊन घेतला तर कितीला मिळेल?

आपल्या उदाहरणात त्याचं उत्तर आहे ५७,००० रुपये. एकरकमी पैसे देणाऱ्याला तीन हजारांची सूट, हप्त्यांवर घेणाऱ्याला सूट नाही. आता साठ हजार ही त्या फोनची किंमत राहत नाही. फोनची किंमत सत्तावन्न हजार, आणि वरचे तीन हजार म्हणजे पैसे सहा महिन्यांत देण्याची सवलत मिळाली, तिचा मोबदला. पैसे उशिरा देण्याच्या मोबदल्यालाच व्याज म्हणतात.

[दृश्य: कोरा कागद. हाताने आकडे लिहिले जातात.]

हे पैसे जातात कुठे, ते पाहू. क्रेडिट कार्डावर हा व्यवहार केला, तर बँक फुकट कर्ज देत नाही. समजा बँकेचा दर वर्षाला १५ टक्के आहे. दरमहा दहा हजारांचे सहा हप्ते या दराने मागे मोजत नेले, तर मुद्दल येतं ५७,४६० रुपये आणि व्याज येतं २,५४० रुपये. बँक हे व्याज घेतेच. म्हणून दुकान किंवा कंपनी बिलावर तेवढीच, म्हणजे २,५४० रुपयांची ‘इन्स्टंट डिस्काउंट’ दाखवते. सूट आणि व्याज एकमेकांना खाऊन टाकतात आणि आपल्याला शून्य दिसतं.

आता विक्रेत्याच्या बाजूने पाहा. एकरकमी गिऱ्हाईक आलं तर त्याच्या हातात सत्तावन्न हजार पडतात. हप्त्यांचं गिऱ्हाईक आलं तर ५७,४६०. त्याला जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सूट देण्याची त्याची तयारी दोन्ही वेळा होती. पहिल्या वेळी ती सूट गिऱ्हाइकाला मिळाली, दुसऱ्या वेळी बँकेला. मला यातली खरी गोम हीच वाटते. व्याज दुकानदाराने भरलं असं आपल्याला सांगितलं जातं. प्रत्यक्षात ते आपल्याला मिळायच्या सवलतीतून भरलं गेलं.

आणि हिशेब इथे संपत नाही.

[दृश्य: कार्डाचं स्टेटमेंट. एकेक ओळ ठळक होते.]

क्रेडिट कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. डिस्काउंटने व्याजाची भरपाई झाली, पण त्यावरच्या कराची झाली नाही. २,५४० रुपयांवर १८ टक्के म्हणजे ४५७ रुपये. ते एकदम दिसत नाहीत. पहिल्या महिन्यात साधारण १२९, मग १०८, मग ८७, असे उतरत जातात, त्यामुळे स्टेटमेंटमधल्या या ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय प्रोसेसिंग फी. ती १९९ रुपये धरली, तर जीएसटीसह २३५. म्हणजे पाटीवरच्या साठ हजारांचे झाले ६०,६९२.

सत्तावन्न हजारांच्या वस्तूला ६०,६९२. वरचे ३,६९२ रुपये.

‘साडेसहा टक्के म्हणजे काही फार नाही’ असं इथे मनात येतं. मोठी चूक होते ती इथेच, म्हणून थोडं थांबू या. हे साडेसहा टक्के वर्षाचे नाहीत. आणि सगळी रक्कम सहा महिने आपल्याकडे राहतही नाही. पहिला हप्ता महिन्याभरात परत जातो, दुसरा दोन महिन्यांत, शेवटचा सहा महिन्यांनी. सरासरी काढली तर कर्ज आपल्याकडे साडेतीन महिनेच असतं. हप्त्यांच्या संख्येत एक मिळवायचा आणि दोनने भागायचं, की हे सरासरी महिने मिळतात. सहा हप्त्यांना साडेतीन, बारा हप्त्यांना साडेसहा.

आता ३,६९२ भागिले ५७,०००, म्हणजे सुमारे ६.५ टक्के. ते साडेतीन महिन्यांचे. साडेतीनने भागून बाराने गुणलं की वर्षाचा दर येतो जवळपास २२ टक्के. बँकेचा जो दर १५ टक्के होता, तो पाटीवर शून्य झाला आणि आपल्या खिशाला २२ पडला.

हा अंदाज कागदावरचा आहे. नेमका आकडा हवा असेल, तर फोनवरच्या कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये ही ओळ टाका. यात ६ हा हप्त्यांचा आकडा आहे, १०११५ म्हणजे फी आणि कर धरून महिन्याला सरासरी जाणारी रक्कम, आणि ५७००० म्हणजे एकरकमी भाव.

```
=RATE(6,-10115,57000)*12
```

उत्तर ०.२२ च्या आसपास येईल. म्हणजे २२ टक्के.

[दृश्य: दोन रकाने. डावीकडे ‘नो कॉस्ट’, उजवीकडे ‘साधा ईएमआय’.]

याच फोनचा आणखी एक हिशेब मांडून पाहिला. समजा विक्रेता साध्या, व्याजाच्या ईएमआयवरही सत्तावन्न हजारांचाच भाव लावतो. १५ टक्क्यांनी सहा महिन्यांचा हप्ता येतो ९,९२० रुपये. व्याज, त्यावरचा जीएसटी आणि तीच प्रोसेसिंग फी धरून एकूण जातात ६०,२०९. नो कॉस्टमध्ये जात होते ६०,६९२. उघड व्याजाचा हप्ता ‘बिनव्याजी’ हप्त्यापेक्षा ४८३ रुपयांनी स्वस्त! चेकआउटच्या यादीत हा पर्याय बहुतेक वेळा खाली असतो, आणि त्याच्यापुढे व्याजाचा दर लिहिलेला असल्यामुळे आपण त्यावर बोटही ठेवत नाही.

रिझर्व्ह बँकेला हा प्रकार नवा नाही. १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात तिने बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, आणि अशा योजनांत व्याज अनेकदा प्रोसेसिंग फीच्या रूपाने गिऱ्हाइकाकडून घेतलं जातं. पुढे २०२२ च्या क्रेडिट कार्डाच्या नियमांत आणखी स्पष्ट केलं: व्यवहार ईएमआयमध्ये बदलण्याआधी मुद्दल, व्याज आणि नो कॉस्टसाठी दिलेली सूट हे तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवायचे, स्टेटमेंटमध्येही वेगळे दाखवायचे, आणि व्याज असलेला ईएमआय बिनव्याजी म्हणून खपवायचा नाही. त्यामुळे कार्डावर घेताना पैसे भरण्याआधीच्या पानावर हे तीन आकडे शोधा. ‘डिटेल्स’ किंवा ‘ब्रेकअप’ अशा छोट्या दुव्यामागे ते बहुधा असतात.

पण फायनान्स कंपनीच्या कर्जात हे आकडे सापडणारच नाहीत, असंही होऊ शकतं.

[दृश्य: दुकानातलं टेबल. फायनान्सचा प्रतिनिधी टॅबवर माहिती भरतो आहे.]

शोरूममध्ये टेबल टाकून बसलेली फायनान्स कंपनी तुम्हाला साठ हजारांचं कर्ज मंजूर करते आणि साठ हजारच परत घेते. तिचं उत्पन्न येतं उत्पादक किंवा विक्रेत्याकडून. साठ हजारांवर ती काही टक्के कापून घेते आणि उरलेले पैसे विक्रेत्याला देते. धंद्यात याला सबव्हेन्शन म्हणतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांबरोबर ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा, कर्जाच्या मुख्य अटींचा कागद द्यावा लागतो आणि त्यात फीसकट वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहावा लागतो. तो जरूर वाचा. फी किती बोचते, ते त्यात कळतं. पण व्याजाच्या रकान्यात तिथे खरोखर शून्य असू शकतं, आणि ते खोटंही नसतं. कारण कागद साठ हजारांपासून सुरू होतो. सत्तावन्नाचे साठ झाले ते कर्ज सुरू होण्याच्या आधी, किमतीच्या चिठ्ठीवर. कर्जाचा कुठलाही कागद ते दाखवू शकत नाही. ते फक्त दोन किमती शेजारी ठेवल्यावर दिसतं.

म्हणून तपासणीची सुरुवात दुसऱ्या किमतीपासून करायची. दुकानात असाल तर हप्त्यांचा विषय काढण्याआधी विचारा. एकदा ईएमआयचं बोलणं झालं की मग सांगितलेला एकरकमी भाव बऱ्याचदा ताणलेला असतो. ऑनलाइन असाल तर वस्तू कार्टमध्ये टाका, पैसे भरण्याच्या पानावर जा, आधी पूर्ण रक्कम भरण्याचा पर्याय निवडून शेवटची रक्कम लिहून घ्या, मग ईएमआय निवडून पुन्हा लिहून घ्या. कूपन किंवा कार्डाची सूट दुसऱ्या वेळी गुपचूप गळते का, ते तिथेच कळतं. आणि तोच मॉडेल नंबर, तीच मेमरी, तोच रंग दुसऱ्या दोन विक्रेत्यांकडेही पाहा. काही वेळा किंमत सगळ्यांसाठीच चढवलेली असते, एकरकमी देणाऱ्यालाही. तेव्हा एकाच दुकानातल्या दोन आकड्यांत फरक दिसत नाही. तो शेजारच्या दुकानात दिसतो.

दुसरी बाजूही आहे. जुना साठा काढायचा असतो किंवा नवं मॉडेल रेटायचं असतं, तेव्हा उत्पादक व्याजाचा भार खरंच स्वतः उचलतो. एकरकमी भाव आणि हप्त्यांची बेरीज सगळीकडे सारखी आली, फीही नसली, तर ती योजना खरी आहे. ती जरूर घ्या. कधी बँक फक्त ईएमआयवरच मोठी सूट देते आणि हप्त्यांची बेरीज एकरकमी भावापेक्षाही कमी येते. तोही फायदाच. हाच हिशेब तेही सांगतो.

एक गोष्ट मात्र खरेदीच्या आधीच विचारून ठेवा: वस्तू परत केली तर काय? विक्रेता वस्तूचे पैसे परत करतो, पण तोवर बँकेने लावलेलं व्याज, त्यावरचा कर आणि प्रोसेसिंग फी परत येईलच असं नाही.

[दृश्य: पुन्हा तेच दुकान. एक बाई पाटीसमोर उभ्या आहेत. पर्समधून पेन काढतात.]

“दादा, या फोनचा एकरकमी शेवटचा भाव काय?”

“मॅडम, नो कॉस्ट आहे की. दहा-दहा हजारांत बसेल.”

“ते बघते नंतर. आत्ता सगळे पैसे दिले तर?”

विक्रेता मागे वळून मालकाकडे पाहतो. मालक कॅल्क्युलेटर पुढे ओढतात.

“सत्तावन्न करू.”

बाई कोटेशनच्या मागच्या बाजूला लिहितात: ५७,०००. त्याच्याखाली ६०,०००. मग विचारतात, “आणि प्रोसेसिंग फी किती?”