अख्खा मसूर, ११० रुपये

सांगलीत विश्रामबागला एका घराच्या मागच्या खोलीत हे किचन चालतं. बोर्ड नाही, टेबल-खुर्ची नाही, संध्याकाळी सात वाजले की नुसता मोबाईल वाजायला लागतो. ऑर्डरी जास्त करून कॉलेजच्या पोरांच्या, आणि पोरांना पाहिजे काय तर अख्खा मसूर आणि दोन रोट्या. चालवतात माझ्या वहिनी.

हा डबा बघा. झाकण लावलं तरी वरून फिल्म गुंडाळावी लागते, कारण मसुराचा कट वाटेत सांडला की पिशवी लाल होते आणि गिऱ्हाईक पैसे परत मागतं. डबा, फिल्म, कांदा-लिंबाची पुडी आणि पिशवी मिळून १२ रुपये. मसूर, तेल, चटणी, रोट्या ४८. गॅस आणि हाताखालच्या मावशींचा पगार एका ऑर्डरवर टाकला तर १५. म्हणजे पार्सल दाराबाहेर पडेपर्यंत ७५ गेलेत. फोन करून न्यायला येणाऱ्याला वहिनी हेच ११० ला देतात, ३५ उरतात.

पहिल्या महिन्यात डिलिव्हरी ॲपवर पण ११० च लावले होते. कमिशन २५ टक्के, म्हणजे साडेसत्तावीस रुपये, ते माहीत होतं. पण त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी असतो, तो कुणी धरलाच नव्हता. जेवणावरचा ५ टक्के जीएसटी वेगळा, तो १ जानेवारी २०२२ पासून ॲपच गिऱ्हाईकाकडून घेतं आणि भरतं, त्याचा इथं संबंध नाही. कमिशनवरचा मात्र आपल्याच खिशातून जातो, परत मिळत नाही. मग २५ चे होतात साडेएकोणतीस टक्के. ११० मधले हातात आले ७७ रुपये ५५ पैसे. महिनाभर रात्री अकरापर्यंत तव्यासमोर उभं राहून एका ऑर्डरमागं अडीच रुपये, आणि ऑर्डरी भरपूर येत होत्या म्हणून घरात सगळे खूश!

मग वहिनींनी २५ टक्के वाढवले, ११० चे १३८ केले. इथं बहुतेक सगळेच चुकतात, मी पण हेच सांगितलं असतं. कमिशन जुन्या ११० वर लागत नाही, नव्या १३८ वर लागतं. हातात आले ९७. आपल्याला ११० पाहिजेत तर बेरीज करून भागत नाही, भागाकार करायला लागतो. शंभरातले साडेएकोणतीस गेले, राहिले साडेसत्तर, म्हणून ११० भागिले ०.७०५, येतात १५६. तुमचं कमिशन वेगळं असेल तर तो आकडा बदलेल, आणि कमिशन पॅकिंग चार्जवर पण लागतं का ते करारात वाचूनच घ्या.

१५६ लावल्यावर ॲपच्या माणसाचा फोन, मॅडम २० टक्के ऑफ लावा, वर दिसाल. ऑफ किचनच्या खर्चाने. १५६ चे झाले सव्वाशे, त्यातून कमिशन गेल्यावर ८८, उरले १३. ऑफ देऊनही ११० पाहिजेत तर मेनूत १९५ लिहायला पाहिजेत, आणि एका पोराच्या मसुराला १९५ बघून सांगलीत कोण मागवणार, वर डिलिव्हरीचे वेगळेच. म्हणजे एकट्याच्या ऑर्डरवर टक्क्यातला ऑफ परवडतच नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

वहिनींनी काय केलं, तर दोघांचा कॉम्बो काढला. मसूर डबल, चार रोट्या, वर जिरा राईस. सामान ११० चं, पण डबा मोठा आला तरी पॅकिंग २० मध्ये बसतं आणि गॅस-मजुरी २० मध्ये, दुप्पट होत नाही. खर्च १५०, भाव २८९, हातात २०३ आणि वर काही पैसे, उरतात ५३. पोरांना माणशी १४५ च पडतात. ऑफ द्यायचाच तर यावर सरळ ३० रुपये, टक्के नाहीत, तरी ३२ उरतात.

आता दर आठवड्याला पेआउट आला की वहिनी वही काढतात. आलेली रक्कम भागिले ऑर्डरी, एवढंच. गेल्या आठवड्यात ४० सिंगल, २० कॉम्बो, पैसे ८,४७५, म्हणजे ऑर्डरमागं १४१. खर्चाची सरासरी १०० येते. सिंगल-कॉम्बोचं प्रमाण तेच असून हा १४१ चा आकडा खाली घसरला की समजायचं कुठलातरी ऑफ चालू राहिलाय नाहीतर रिफंड कापले गेलेत, मग स्टेटमेंट उघडून एकेक ओळ बघायची.

या आठवड्यात एक रिफंड आहेच, कट सांडल्याचा. म्हणून आज घट्ट झाकणाचा नवीन डबा आलाय, रुपयाने महाग. वहिनींनी पेनानं वहीत लिहिलंय, मेनूत १ रुपया ४२ पैसे.