टॅली बदलताय? टीमला पाठवायचा मेसेज असा लिहा

नमस्कार. आज एकच काम करायचंय. ऑफिसमध्ये टॅली ईआरपी 9 काढून टॅलीप्राइम येणार आहे, हे टीमला कळवणारा मेसेज आपण बसून लिहायचा. प्रशिक्षण कधी, कोणाचं, आणि अडलं तर फोन कोणाला करायचा, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

टॅलीप्राइम 2020 च्या नोव्हेंबरमध्ये आलं, तरी जुन्या ईआरपी 9 वर काम करणारी ऑफिसं अजून भेटतात. मालक म्हणतात, चाललंय ना, मग कशाला हात लावायचा! पण प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल असणं सक्तीचं आहे. म्हणजे नोंद कोणी केली, कोणी बदलली, कधी बदलली, याची बंद न करता येणारी नोंद. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मला हा नियम नाही. कंपनीला आहे, आणि ऑडिटर त्याबद्दल आपल्या अहवालात लिहितो.

आता उदाहरण घेऊ. समजा, नाशिकला सातपूरमध्ये सुटे भाग विकणारी एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. अकाउंट्समध्ये चौघं, बिलिंगला दोघं, गोडाऊनला दोघं. सगळे संगणक लॅनवर, डेटा एका सर्व्हरवर. बदल करायचाय 2026 च्या जूनमध्ये.

बहुतेक जण काय करतात? सॉफ्टवेअर देणाऱ्या पार्टनरला विचारतात, तुम्हाला कधी वेळ आहे? तो म्हणतो, दहा तारखेला येतो. की मेसेज गेला, दहा तारखेला ट्रेनिंग. अहो, अकरा तारखेला जीएसटीआर-1 भरायचा असतो! दहाला अकाउंट्सचा माणूस खुर्चीवर बसलेला दिसेल, पण डोकं बिलांच्या यादीत असेल.

म्हणून आधी कॅलेंडर घ्या आणि त्यावर फुल्या मारा. सात तारखेला टीडीएस भरायचा. अकराला जीएसटीआर-1. पंधराला पीएफ आणि ईएसआय, शिवाय जूनमध्ये ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता. वीसला जीएसटीआर-3बी. हे दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांचं झालं. तिमाही भरत असाल तर तारखा वेगळ्या, पण फुल्या मारायची रीत तीच. महिनाअखेरीला स्टॉक मोजणी आणि पगाराची तयारी. मग मोकळं काय उरलं? एकवीस ते सत्तावीस. तेवढाच आठवडा. पार्टनरला विचारायचं ते असं: या आठवड्यात कधी येता?

आपल्या उदाहरणात 20 जूनला शनिवार आहे. तर प्रशिक्षण मंगळवार 23 आणि बुधवार 24 ला. डेटा नव्यात न्यायचा शनिवार 27 च्या संध्याकाळी, आणि सोमवार 29 पासून सगळ्यांनी नव्यावर काम करायचं. मेसेज कधी पाठवायचा? शुक्रवार 12 जूनला, अकराचं रिटर्न गेलं की दुसऱ्या दिवशी. त्याआधी पाठवलात तर कोणी वाचणार नाही.

सगळ्यांना एका खोलीत कोंबून शिकवायचं नाही, हेही आताच ठरवा. बिलिंगचे दोघं एकदम उठले तर गाडी भरायची थांबते. त्यांना आणि गोडाऊनवाल्यांना सकाळी, गिऱ्हाइकांचे फोन सुरू व्हायच्या आत. अकाउंट्सला दुसऱ्या दिवशी दुपारी. आणि जो चुकला त्याच्यासाठी गुरुवारी एक तास राखून ठेवा, कारण कोणीतरी चुकतंच.

आता मेसेज. मी वाचतो, तुम्ही स्क्रीनवर बघा.

(स्क्रीनवर मेसेज)

"सोमवार 29 जूनपासून आपलं हिशेबाचं आणि बिलांचं काम टॅलीप्राइमवर होईल. शनिवार 27 जूनला संध्याकाळी 5 नंतर जुन्या टॅलीमध्ये कोणीही नोंद करू नये. आपले लेजर, पार्ट्या, स्टॉक आयटम आणि जुनी बिलं जशीच्या तशी नव्यात येतील, पुन्हा काही भरायचं नाही.

प्रशिक्षण: बिलिंग आणि गोडाऊन, मंगळवार 23 जून, सकाळी 9.30 ते 11. अकाउंट्स, बुधवार 24 जून, दुपारी 3 ते 5. दोन्ही वेळा न जमलेल्यांसाठी गुरुवार 25 जून, सकाळी 9.30 ते 10.30. जागा: मीटिंग रूम. आपल्याच डेटाच्या कॉपीवर सराव होईल, त्यामुळे चुकलं तरी खऱ्या हिशेबाला धक्का नाही. येताना नेहमी अडणारी दोन बिलं सोबत आणा.

प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम मिळेल. पासवर्ड दुसऱ्याला देऊ नये. प्रत्येक बदल त्या नावावर नोंदला जाईल. कंपनी कायद्यानुसार हे आवश्यक आहे.

अडचण आल्यास: नोंद कशी करायची हे अडलं तर सीनियर अकाउंटंट, एक्स्टेन्शन 21. टॅली उघडत नाही, कंपनी दिसत नाही, तारीख घेत नाही, प्रिंट येत नाही, तर संगणक विभाग, एक्स्टेन्शन 30. पार्टनरला थेट फोन करू नये, तो संगणक विभाग करेल. ही सोय 20 जुलैपर्यंत सकाळी 9 ते संध्याकाळी 7."

(मेसेज संपतो)

बघा, पहिल्याच वाक्यात तारीख आली. "कळविण्यात आनंद होतो की" वगैरे काही नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज न उघडता दोन ओळी दिसतात. त्या दोन ओळींत 29 जून दिसला पाहिजे.

पासवर्डचा परिच्छेद जपून लिहायचा. खूप ऑफिसांत सगळे एकाच ॲडमिन नावाने शिरतात. तसंच चालू ठेवलं तर नोंद कोणी बदलली या प्रश्नाला उत्तर कायम ॲडमिन, म्हणजे ऑडिट ट्रेल असून उपयोग शून्य. दुसरीकडे, माणसांना वाटतं की आता आपल्यावर पाळत ठेवणार. म्हणून कायद्याचं वाक्य तिथे हवंच. आणि प्रशिक्षणात एक बिल मुद्दाम चुकवून, दुरुस्त करून, त्याचा एडिट लॉग सगळ्यांना उघडून दाखवा. बिल दुरुस्त करता येतं, फक्त त्याची खूण राहते, हे डोळ्यांनी दिसलं की कुजबुज थांबते.

टॅलीप्राइमची साधी आणि एडिट लॉग अशी दोन रूपं मिळतात. साध्यात हा लॉग चालू-बंद करता येतो, एडिट लॉगवाल्यात बंद करताच येत नाही. कंपनी असाल तर कुठलं टाकतोय हे पार्टनरकडून लेखी घ्या.

आता फोन कोणाला, याबद्दल. माणूस अडला की त्याला हे ठाऊक नसतं की अडचण लायसन्सची आहे का नेटवर्कची. त्याला फक्त समोरची स्क्रीन दिसते. म्हणून मेसेजमध्ये विभागाच्या जबाबदाऱ्या न लिहिता लक्षण लिहिलंय. "तारीख घेत नाही" हे मुद्दाम घातलंय. लायसन्स मिळालं नाही तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, आणि त्यात महिन्याच्या ठरावीक तारखांनाच नोंद होते. सोमवारी सकाळी बिलिंगवाला 29 तारीख टाकतो, ती स्वीकारली जात नाही, आणि तो समजतो आपलंच काहीतरी चुकलं. तो अकाउंटंटला विचारतो, अकाउंटंट सेटिंग शोधत बसतो, अर्धा तास गेला. खरं तर वर टॅलीप्राइमच्या नावाशेजारी EDU दिसतं का बघायचं. दिसलं, तर फोन 30 ला.

दुसरं लक्षण याहून वाईट, कारण ते लगेच दिसत नाही. टॅलीप्राइम 3.0 पासून डेटाची मांडणी बदलली. एकदा डेटा नव्यात नेला की तो ईआरपी 9 मध्ये परत उघडत नाही. म्हणून शनिवारी आधी बॅकअप घेतात, आणि तो घेतलाच पाहिजे. पण त्या जुन्या डेटाची कॉपी सर्व्हरवरच राहिली आणि गोडाऊनच्या संगणकावर जुन्या टॅलीचा आयकॉन तसाच राहिला, तर तो माणूस सोमवारी सवयीने जुनं उघडतो. उघडतंही! तो दिवसभर आवक भरतो. बिलिंगला नव्यात तो माल दिसतच नाही, स्टॉक उणे जायला लागतो. सकाळी आलेला माल नव्या टॅलीमध्ये दिसत नसेल तर पहिला संशय हाच घ्या. उपाय सोपा आहे. शनिवारी प्रत्येक संगणकावरचा जुना आयकॉन काढा, आणि बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा.

शनिवारी आणखी एक काम सीनियर अकाउंटंटनी करायचं. डेटा नेण्याआधी त्या तारखेची ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी आणि येणी छापून ठेवायची. नेल्यावर तीच तीन पानं नव्यातून काढून शेजारी ठेवायची. आकडे जुळले की मगच सोमवारचा "सुरू करा" असा मेसेज जातो. नाही जुळले, तर सोमवारी जुन्यावरच काम, आणि नवी तारीख सांगायची. हा पर्याय मालकाशी आधी बोलून ठेवा. शनिवारी रात्री नऊला तो वाद नको.

तुमच्या बिलाचा नमुना खास बनवून घेतलेला असेल, लोगो, गाडी नंबर, वाहतूकदार वगैरे, तर तो नव्यात आपोआप चालेल असं धरू नका. 23 च्या प्रशिक्षणात पहिली प्रिंट त्याचीच काढा. बिघडलेली निघाली तर पार्टनरला दुरुस्तीला चार दिवस मिळतात.

प्रशिक्षणात काय शिकवायचं? फार नाही. F4 ते F9 जिथे होते तिथेच आहेत, हे आधी सांगा, निम्मी भीती जाते. क्रेडिट नोट आता Alt+F6, डेबिट नोट Alt+F5, हे मात्र बोटांना वळण लागेपर्यंत करून घ्या, कारण जुन्यात Ctrl+F8 आणि Ctrl+F9 होतं. आणि एक Alt+G. कुठलाही रिपोर्ट सापडत नसेल तर Alt+G दाबा आणि नाव टाइप करा. मेनू पाठ करायची गरज नाही. या चार गोष्टी कागदावर छापून मॉनिटरखाली चिकटवा. त्याच कागदावर 21 आणि 30 मोठ्या आकड्यांत.

राहिली 20 जुलै. मदत आठवडाभरच का नाही? कारण पहिल्या आठवड्यात माणसं फक्त नोंदी करतात, ते जमतं. खरे प्रश्न 7 जुलैच्या टीडीएसला सुरू होतात. 11 ला जीएसटीआर-1 काढताना कळतं की एखाद्या पार्टीचा जीएसटीआयएन किंवा आयटमचा एचएसएन अर्धवट आहे, आणि ती बिलं रिटर्नमध्ये न जाता वेगळी पडली आहेत. 20 ला 3बी. हा एक फेरा नव्या टॅलीमधून पूर्ण झाल्यावरच एक्स्टेन्शन 30 वरचा माणूस मोकळा करा. पार्टनरशी बोलतानाही करारात "एक आठवडा सपोर्ट" न लिहिता "20 जुलैपर्यंत" असं लिहून घ्या, आणि 9, 10, 11 जुलैला त्याचा माणूस फोनवर मिळेल याची तारखेनिशी खात्री करून घ्या.

मेसेजचा मजकूर खाली दिलाय. तारखा तुमच्या कॅलेंडरप्रमाणे बदला, एक्स्टेन्शन तुमची टाका. पाठवण्याआधी गोडाऊनच्या एका माणसाला वाचायला द्या आणि विचारा, सोमवारी टॅली उघडलं नाही तर कोणाला फोन करशील? त्याला परत वर स्क्रोल करून शोधावं लागलं, तर फोनची ओळ प्रशिक्षणाच्या आधी घ्या.