मालकाची चिठ्ठी आणि एका बिलाचा फोटो

हा फोटो बघा. मोबाईलवर काढलाय, जरा तिरका आलाय, वरच्या कोपऱ्यात घडी पडलीये आणि नेमकी शिक्क्याची शाई टॅक्सेबल व्हॅल्यूच्या आकड्यावर. सप्लायरचं टॅक्स इन्व्हॉइस आहे. फोटोसोबत दुकानाच्या मालकांनी नव्या अकाउंटंटसाठी एक चिठ्ठी लिहिलीये, तीच ही.

"एंट्री करायला खालच्या टोटलपासून सुरुवात करू नका, आधी वरून खाली वाचा. मालाची किंमत १०,०००. त्यातून बिलावरच दाखवलेला डिस्काउंट ५०० वजा, राहिले ९,५००. त्यात सप्लायरने लावलेलं गाडीभाडं ३०० मिळवा, कारण माल पोचवून द्यायचं भाडं त्याच बिलात असलं की त्यालाही मालाचाच रेट लागतो. झाली टॅक्सेबल व्हॅल्यू ९,८००."

आता रेटचा कॉलम. १८ टक्के. सप्लायर आपल्याच राज्यातला, म्हणून सीजीएसटी ९ टक्के म्हणजे ८८२ आणि एसजीएसटी ९ टक्के म्हणजे ८८२. परराज्यातला असता तर एकच ओळ आली असती, आयजीएसटी १,७६४. सगळं धरून टोटल ११,५६४.

आणि इथं मालकांनी पेनाने दोनदा रेघ ओढलीये, कॅमेऱ्यात दिसतेच. "टोटलचे १८ टक्के काढून टॅक्स लिहू नका!" तसं केलं तर येतात २,०८१ रुपये ५२ पैसे, म्हणजे बिलावरच्या टॅक्सपेक्षा ३१७ रुपये ५२ पैसे जास्त. टोटलमध्ये टॅक्स आधीच मिसळलेला असतो, त्यावर परत टक्के कसे काढणार. उलटं जायचं तर टोटलला १.१८ ने भागायचं.

हाच भागाकार अस्पष्ट फोटोलाही उपयोगी पडतो, आणि खरं सांगायचं तर चिठ्ठीतली सगळ्यात कामाची ओळ ही आहे. शाईखालचा आकडा ९,३०० वाटतोय की ९,८००? अंदाज नाही करायचा. ११,५६४ भागिले १.१८, बरोब्बर ९,८००. ९,३०० धरले तर टोटल १०,९७४ आली असती, बिलावर तशी नाहीये. पण हे फक्त सगळ्या मालाला एकच रेट असेल तेव्हाच चालतं, एकाच बिलात ५ आणि १८ टक्क्यांचा माल आला की प्रत्येक रेटची बेरीज वेगळी करावी लागते.

मग एंट्री. खरेदीला ९,८००, दोन्ही टॅक्स आपापल्या इनपुट क्रेडिटच्या, म्हणजे पुढे विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करायच्या रकमेच्या खात्याला, आणि सप्लायरच्या खात्याला जमा पूर्ण ११,५६४. जास्तीचं क्रेडिट घेऊन वापरलं तर व्याजासकट परत भरावं लागतं, एवढं चिठ्ठीच्या कडेला घाईत लिहिलंय.

शेवटची ओळ: "पुढच्या महिन्याच्या १४ तारखेनंतर जीएसटीआर-२बी, म्हणजे सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी उघडा, हे बिल त्यात याच आकड्यांनी दिसतंय का बघा. नसेल तर क्रेडिट धरायचं नाही, आधी सप्लायरला फोन लावा."