डॉलरमागे चार रुपये जास्त देणारा माणूस

अध्यक्ष महाराज, आणि पावसाची पर्वा न करता आलेले तुम्ही सगळे. विषय पत्रिकेवर छापलाय: परदेशातून पैसे आणायला स्टेबलकॉइन बरं की बँक; दर, शुल्क, वेग, जोखीम. स्टेबलकॉइन म्हणजे किंमत डॉलरला बांधलेलं डिजिटल टोकन. चार शब्द, चार भाग, पन्नास मिनिटं. पण नोकरीची बरीच वर्षं मी बँकेच्या फॉरेक्स विभागात काढली, त्यामुळे पहिल्याच शब्दावर मी अडखळणार हे आधीच सांगून ठेवतो.

काउंटरवर माणूस यायचा तो एकच प्रश्न घेऊन: ‘साहेब, कमिशन किती?’ मी म्हणायचो, अडीचशे. मग घासाघीस. दीडशे करा, जुना ग्राहक आहे, वडिलांचंही खातं इथंच होतं. एकदा तर एका गृहस्थांनी मॅनेजरच्या केबिनपर्यंत जाऊन कमिशन शून्य करून घेतलं आणि विजयी मुद्रेनं मला पेढा दिला. त्यांच्या मुलानं अमेरिकेतून दहा हजार डॉलर पाठवले होते. बाजारात बँका आपापसांत ज्या भावानं डॉलर घेत होत्या, त्याच्या रुपयाभर खाली आम्ही त्यांना दर लावला होता. म्हणजे दहा हजार रुपये. तो दर त्यांनी विचारलाच नाही! पेढा मात्र चांगला होता.

तेव्हापासून माझं हे एक वेड आहे, घरचे कंटाळलेत, आज तुमची पाळी. शुल्क दिसतं म्हणून लोक त्यावर भांडतात. खरा खर्च दरात असतो, आणि दर ठरतो परकी चलन रुपयात उतरतं त्या शेवटच्या पायरीवर. बँकेत ही पायरी म्हणजे ‘टीटी बाइंग रेट’, बाहेरून आलेला डॉलर बँक तुमच्याकडून ज्या भावानं घेते तो. स्टेबलकॉइनच्या जाहिरातीत या पायरीचा उल्लेखच नसतो. ‘दोन मिनिटांत, एका डॉलरात, जगात कुठंही!’ खरं आहे. फक्त पोचतं ते टोकन. त्यानं किराणा येत नाही, वीजबिल भरलं जात नाही.

आपण एकच उदाहरण घेऊ. नाशिकचा एक मुलगा, माझ्या ओळखीतला. अमेरिकेतल्या एका कंपनीसाठी घरी बसून वेबसाइट बांधतो, महिन्याला दोन हजार डॉलरचं बिल करतो. (मागच्या रांगेतून कुणीतरी ‘लग्नाचा आहे का?’ असं विचारलं. आहे. पुढची गोष्ट ऐकून ठरवा.) हिशेबासाठी बाजारभाव ८५ रुपये धरू. म्हणजे कुठंच काही गळलं नाही, तर १,७०,००० रुपये यायला हवेत.

बँकेच्या वाटेनं काय होतं? अमेरिकेतल्या बँकेचं नाशिकच्या शाखेशी थेट नातं नसतं. बँका वापरतात ते स्विफ्ट म्हणजे नुसती निरोपाची यंत्रणा. पैसा सरकतो तो बँकांनी एकमेकींकडे ठेवलेल्या खात्यांतून. मध्ये एखादी मध्यस्थ बँक असते, ती आपला वाटा कापून घेते. पंधरा डॉलर गेले असं धरा. १,९८५ उरले. बँकेनं दर दिला ८३ रुपये ८० पैसे. झाले १,६६,३४३. चलनबदलाच्या सेवेवर जीएसटी लागतो, तो या रकमेला साधारण २४० रुपये. हातात १,६६,१०३. सुमारे ३,९०० रुपये वाटेत गळले, सव्वादोन टक्क्यांच्या वर. यातले जवळजवळ २,४०० नुसत्या दरात गेले, आणि पावतीवर ते कुठंही लिहिलेले नसतात.

मुलगा वैतागला. वैतागायलाच हवं. मित्रानं सुचवलं, यूएसडीटी घे. ही टेथर कंपनीची टोकनं, एक टोकन म्हणजे एक डॉलर असा वायदा. ग्राहक कंपनीनं ट्रॉन नावाच्या क्रिप्टो नेटवर्कवरून दोन हजार पाठवली, दोनेक डॉलर खर्च, काही मिनिटांत वॉलेटमध्ये. मग त्यानं ती पीटूपीवर विकायला काढली. पीटूपी म्हणजे क्रिप्टो एक्स्चेंज टोकन अडकवून ठेवतं, समोरचा माणूस यूपीआय नाहीतर आयएमपीएसनं थेट तुमच्या खात्यात रुपये टाकतो, तुम्ही ‘मिळाले’ म्हणता, टोकन सुटतं. भाव मिळाला ८८ रुपये. १,९९८ गुणिले ८८, म्हणजे १,७५,८२४. बँकेपेक्षा नऊ हजार सातशे जास्त! बाजारभावापेक्षाही जास्त! मला फोन करून म्हणाला, ‘काका, तुमच्या बँका लुटतात.’ मी म्हटलं, लुटतात हे मीच तुला शिकवलं. पण मला एक सांग. बँकेत ज्याला डॉलर ८६ ला मिळेल, तो तुला ८८ कशाला देतोय? तुझ्यावर एवढं प्रेम का?

मंडळी, आजचं व्याख्यान या एका प्रश्नासाठी आहे. भारतात यूएसडीटी बहुतेक वेळा बँकेच्या डॉलरपेक्षा महाग विकलं जातं. का? साध्या बाजारात असा फरक टिकत नाही. कुणीतरी बाहेरून स्वस्तात आणून इथं विकतो आणि भाव खाली येतो. इथं ते सरळ मार्गानं करता येत नाही, म्हणून फरक राहतो. आणि घेणारे कोण? काही सरळ क्रिप्टो व्यवहार करणारे. काही असे, ज्यांना रिझर्व्ह बँकेच्या वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेबाहेर पैसा परदेशी न्यायचाय, किंवा तो कुठून आला हे सांगायचं नाहीये. आणि काही असे, ज्यांच्याकडे दुसऱ्याचे पैसे आहेत आणि ते लवकरात लवकर देशाबाहेर काढायचेत. म्हणजे त्या जास्तीच्या रुपयांत तुमची जोखीम विकत घेतली जाते.

तिसऱ्या बिलाच्या वेळी नेमकं तेच झालं. दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त बाईंना ‘वीज तोडतो’ म्हणून फोन आला आणि त्यांचं खातं रिकामं झालं. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. ते पैसे चार खात्यांतून फिरून आमच्या मुलाच्या खात्यात टोकनांचे पैसे म्हणून आले होते. पोलिसांनी साखळीतली सगळी खाती कळवली, बँकेनं आमच्या पठ्ठ्याचं अख्खं खातं गोठवलं. घराचा हप्ता परत गेला. शाखेत विचारलं तर ‘सायबरकडून आलंय, तिकडे बोला’. तिकडचा नंबर सतत व्यस्त. पुरावा काय दाखवणार? एक चॅट आणि ‘ऑर्डर पूर्ण’ असा स्क्रीनशॉट. काही महिने गेले. शेवटी वकिलामार्फत तिथल्या न्यायालयात अर्ज केला, तेव्हा वादातली रक्कम तशीच गोठलेली ठेवून बाकीचं खातं मोकळं झालं. एक गोष्ट तेव्हाच दिसायला हवी होती: विकत घेणाऱ्याचं एक्स्चेंजवरचं नाव एक होतं आणि रुपये आले ते तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून. असं दिसलं तर टोकन सोडायचं नाही, त्याच खात्यात पैसे परत पाठवायलाही घाई करायची नाही, एक्स्चेंजकडे वाद नोंदवायचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ आणि माझे चारातले दोन शब्द अजून बाकी आहेत, शिवाय पत्रिकेवर नसलेला कर! असो, पळतो.

कर. हा मुलगा वर्षाला २०.४ लाखांची बिलं करतो, म्हणजे वीस लाखांच्या वर, जीएसटी नोंदणी आली. निर्यातीवर कर लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. पण कायद्याच्या व्याख्येत सेवा ‘निर्यात’ ठरते ती मोबदला परिवर्तनीय परकीय चलनात, किंवा रिझर्व्ह बँकेनं परवानगी दिली असेल तिथं रुपयात, मिळाला तरच. यूएसडीटी परकीय चलन नाही. पीटूपीचे रुपये एका अनोळखी माणसाचे. बँक परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र देते ते इथं मिळणारच नाही. अधिकाऱ्यानं आग्रह धरला, तर कर रकमेच्या आतच धरूनही एका बिलामागे सुमारे २६ हजार जातात. मिळवले होते नऊ हजार सातशे. शिवाय फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखाली निर्यातीचे पैसे अधिकृत बँकेतूनच यायला हवेत, तो प्रश्न वेगळाच. विक्रीवर एक टक्का टीडीएस, नफ्यावर तीस टक्के आणि वर उपकर, आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यात वळता करता येत नाही.

वेग. इथं स्टेबलकॉइन खरोखर जिंकतं. रविवारी रात्री दोन वाजताही टोकन पोचतं. पण बँकेचे पैसे नेमके कुठं अडकतात? देयकांवरच्या बाझेलच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२२ साली स्विफ्टची आकडेवारी तपासली. बँकेपासून बँकेपर्यंतचा प्रवास बहुतेक वेळा तासांत होतो, खरा उशीर होतो तो घेणाऱ्याच्या देशात, शेवटच्या टप्प्यात. पैसे कशाचे हे सांगणारा पर्पज कोड नाही, बिल जोडलं नाही, शाखेतला संबंधित माणूस रजेवर. बिलाच्या पीडीएफसोबत पर्पज कोड आधीच कळवला, तर हा उशीर बऱ्याच अंशी टळतो.

जोखीम. टोकन म्हणजे कुणीतरी केलेला वायदा. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तिथं यूएसडीसी या दुसऱ्या स्टेबलकॉइनच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर होते. शनिवारी ते टोकन ८८ सेंटच्याही खाली गेलं. अमेरिकन सरकारनं ठेवीदारांची हमी घेतली म्हणून सावरलं. त्याच्या आदल्या वर्षी टेरायूएसडी गेलं ते गेलंच, कारण त्याच्या मागे डॉलर नव्हतेच. शिवाय चुकीच्या नेटवर्कवर पाठवलं तर बहुधा परत येत नाही. बँकेत चुकलं तर निदान भांडायला एक खिडकी असते.

मी स्टेबलकॉइनच्या विरोधात नाही, गैरसमज नको. नायजेरियात, अर्जेंटिनात अनेक वर्षं सरकारी दर आणि रस्त्यावरचा दर यांत एवढी दरी होती, किंवा बँकेत डॉलर मिळतच नव्हते, की तिथल्या माणसाला हे टोकन म्हणजे खरी सोय होती. तिथं बँकेची वाट तुटलेली होती. आपल्याकडे ती वाट आहे, फक्त महाग आहे. २०२०-२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत परदेशातून येणाऱ्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, ३५ टक्क्यांच्या घरात होता. इतक्या लोकांनी दरावर भांडायला सुरुवात केली तर ती नक्की स्वस्त होईल.

मग त्या मुलानं आता काय केलंय? रिझर्व्ह बँकेनं २०२३ मध्ये सीमापार देयकं हाताळणाऱ्या बिगर-बँक कंपन्यांसाठी नियम केले. अशा एका कंपनीमार्फत त्याला अमेरिकेतला खाते क्रमांक मिळालाय. ग्राहक तिथल्या तिथं पैसे भरतो, मध्यस्थ बँक नाही, प्रमाणपत्र मिळतं, आणि सगळं धरून एक टक्क्याच्या आसपास कापलं जातं. दोन हजारांवर सतराशे रुपये. पेढे वाटणाऱ्यांसाठी आणि अमेरिकेत मुलं असणाऱ्या आईवडिलांसाठी एवढंच: बँकेत गेलात तर कमिशन विचारू नका. त्या क्षणीचा बाजारभाव मोबाइलवर उघडा, शेजारी त्यांचा टीटी बाइंग रेट लिहून मागा, वजाबाकी करा आणि डॉलरच्या आकड्यानं गुणा. अध्यक्ष महाराज आता उभेच राहिलेत, तेव्हा मी बसतो.