माळ्यावरच्या काचा

नमस्कार, श्रोतेहो.

दिवाळीच्या आधी नागपुरात घरोघरी माळे उपसले जातात. जुनी घंगाळं, मोडका पाळणा, गाद्यांची गाठोडी खाली येतात, आणि महाल-इतवारीतल्या एखाद्या जुन्या घरात त्यांच्यामागून एक जड लाकडी पेटी निघते. आत काचा असतात, काळपट आणि धुळीनं माखलेल्या. घरातलं कुणीतरी ओलं फडकं आणतं आणि पहिली काच पुसायला घेतं. धूळ निघते, आणि तिच्याबरोबर चित्राचा पापुद्राही फडक्याला चिकटून येतो. म्हणून आज मी त्या फडक्याच्या आधीचं बोलणार आहे. हातात आलेली काच नेमकी कसली आहे हे कसं ओळखायचं, आणि ओळखल्यावर तिला हात कसा लावायचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. चित्र काचेच्या आत नसतं. ते काचेच्या एकाच बाजूवर, अतिशय पातळ थरात असतं. हा थर कशाचा आहे आणि कुठल्या बाजूला आहे, एवढं कळलं की पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

अलीकडेच अशी एक पेटी मी पाहिली. तिच्यात तीन प्रकारचा माल होता, म्हणून तीच तुमच्यासमोर उघडतो.

पेटीच्या आतल्या बाजूंना उभ्या खाचा होत्या आणि खाचांमध्ये काचा उभ्या लावलेल्या होत्या. आकार साधारण पावणेपाच इंच बाय साडेसहा इंच. फोटोग्राफर त्याला हाफ प्लेट म्हणत. काच पातळ, सगळीकडे सारख्या जाडीची, कडा यंत्रानं कापल्यासारख्या सरळ. उजेडासमोर धरली तर माणसांचे चेहरे काळे आणि पागोट्यांखालचे केस पांढरे. म्हणजे निगेटिव्ह. थर कडेपर्यंत एकसारखा, रंग करडा-काळा. आणि काच तिरपी केली की कडांवर निळसर, धातूसारखी चमक. ही चमक फार कामाची खूण आहे. थरातली चांदी वर्षानुवर्षं हवेशी झुंजून पृष्ठभागावर आली की ती अशी दिसते. ती मळ नाही, तिला घासू नका. या सगळ्या खुणा जिलेटिनच्या ड्राय प्लेटच्या, म्हणजे आधीच थर चढवून वाळवून ठेवलेल्या काचेच्या. रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ साली या पद्धतीची कल्पना मांडली, आणि १८८०च्या सुमारास कारखान्यात तयार झालेल्या प्लेट बाजारात आल्या.

त्याआधीची पद्धत कोलोडियनची, १८५१ची. तिच्यात फोटोग्राफर स्वतः काचेवर द्रव ओतायचा, आणि तो ओला असतानाच फोटो काढून धुवायचा. हाताशी दहा-पंधरा मिनिटं. आपल्या उन्हाळ्यात त्याहूनही कमी मिळत असणार. घरगुती पेटीत सापडलेली काच म्हणूनच बहुधा ड्राय प्लेट असते. तरी कोलोडियनची निघाली तर ती अशी दिसेल: काच जाड, कडा हातानं कापलेल्या, थर कुठे जाड कुठे विरळ, कोपऱ्यात जिथे फोटोग्राफरनं काच धरली तिथे थर नाही, आणि रंग दुधी-तपकिरी. मागे काळं कापड धरलं तर ती निगेटिव्ह फिकट पॉझिटिव्हसारखी दिसते. तिच्यावर बहुतेक वेळा वार्निश असतं आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं. म्हणून पाणी नको तसं स्पिरिटही नको, आणि काच पुसायचा बाजारू फवारा तर मुळीच नको. कुणी सांगेल, कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून बघा, फुगला तर जिलेटिन. खूण खरी आहे, पण थेंबाचा डाग कायमचा राहतो. नुसत्या डोळ्यांनी भागतं.

पेटीच्या तळाशी दुसरा प्रकार होता: चौकोनी, सव्वातीन इंच बाय सव्वातीन इंच, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे दोन काचा एकमेकींवर ठेवून कडेनं काळी कागदी पट्टी चिकटवलेली. उजेडासमोर चित्र सरळ दिसत होतं. गोरा चेहरा गोरा, काळा कोट काळा. या मॅजिक लँटर्नच्या स्लाइड. काचेवरचं चित्र दिव्याच्या उजेडानं पडद्यावर मोठं करून दाखवणारं हे यंत्र. सव्वातीन इंची चौरस हे ब्रिटिश माप, अमेरिकन स्लाइड रुंदीला चार इंच असते. चित्र डोळ्यांना बरोबर दिसेल अशी स्लाइड धरली, की एक छोटा कागदी ठिपका सहसा डाव्या हाताला खालच्या कोपऱ्यात येतो. स्लाइड दिव्यासमोर उलटी घालावी लागते, म्हणून अंधारात अंगठा कुठे ठेवायचा ते कळावं, यासाठी तो लावलेला असतो. तो कचरा समजून खरवडू नका.

स्लाइडवरचं चित्र फोटोचं असेल, किंवा हातानं रंगवलेलं. आपल्या महाराष्ट्रात कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास शांबरिक खरोलिकेचे, म्हणजे मॅजिक लँटर्नचेच, खेळ सुरू केले, तेही काचेवर रंगवलेल्या चित्रांचे. असे रंग कधीकधी बोटाच्या ओलाव्यानंही उठतात. दोन काचांच्या मध्ये बुरशी किंवा दवासारखे बारीक थेंब दिसले तरी पट्टी सोडवून स्लाइड उघडू नका. जुन्या काचेतला क्षार दमट हवेत पाझरतो तेव्हा असे थेंब येतात. ते काम संवर्धनतज्ज्ञाचं.

आता पुन्हा निगेटिव्हकडे. चित्राची बाजू कोणती? काच दोन्ही हातांनी कडांवर धरा, कोपऱ्याला नाही, आणि ट्यूबलाइटखाली हळूच तिरपी करा. एका बाजूला ट्यूब आरशात दिसावी तशी रेखीव दिसेल. ती नुसती काच. दुसऱ्या बाजूला ट्यूबच्या कडा विरतील, पृष्ठभाग किंचित मंद दिसेल. ती चित्राची बाजू. त्या पेटीतल्या एका निगेटिव्हवर खालच्या कडेला बारीक अक्षरं उलटी लिहिलेली होती. छपाईत ती सुलटी यावीत म्हणून फोटोग्राफर चित्राच्या बाजूला असं लिहीत. नुसत्या काचेच्या बाजूनं पाहिलं की ती वाचता येत.

त्याच निगेटिव्हमध्ये बायकोशेजारी बसलेल्या गृहस्थांच्या मागचा भाग लालभडक रंगानं भरलेला होता, आणि त्यांच्या गालावर थराच्या बाजूनं पेन्सिलीच्या असंख्य बारीक रेघा होत्या. घरच्यांना वाटलं, पोरांनी गिरवलंय. ती स्टुडिओतली कारागिरी होती. लाल रंगातून छपाईचा उजेड जात नाही, म्हणून फोटोत मागचा पडदा स्वच्छ पांढरा येतो. पेन्सिलीनं गालावरच्या सुरकुत्या भरून काढतात. निगेटिव्हवरचा लाल रंग आणि शिसं हे त्या चित्राचाच भाग आहे. ते पुसलं, की फोटोग्राफरचं अर्धं काम गेलं.

मग साफ काय करायचं? नुसत्या काचेची बाजू, तीही कोरडी: मऊ ब्रशनं, एका दिशेनं, हलक्या हातानं. चित्राच्या बाजूला रबरी फुग्याच्या हवेनं जेवढी धूळ उडेल तेवढी पुरे. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. हातात नायट्राइलचे मोजे घाला. सुती मोज्यांत काच सटकते आणि त्यांचा धागा थराच्या सुटलेल्या कडेत अडकतो. बुरशी दिसत असेल तर तोंडाला मास्क लावा. टेबलावर जाडसर मऊ कापड आणि त्यावर स्वच्छ कोरा कागद पसरा, आणि एकावेळी एकच काच बाहेर काढा.

पेटीतला तिसरा प्रकार सगळ्यात दुःखाचा. खाचा संपल्यावर उरलेल्या काचा कुणीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून आडव्या रचून ठेवल्या होत्या, आणि खालच्या तीन एकमेकींना चिकटल्या होत्या. यात नागपूरच्या हवेचा मोठा हात आहे. जिलेटिन हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. काच मात्र जिथल्या तिथे राहते. कवेलू किंवा टिनाखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो, हवा पार कोरडी होते. मग जून संपताच दमट होते. थर दर वर्षी ताणला जातो, सैल होतो, आणि शेवटी कडेपासून सुटू लागतो. वर रचलेल्या काचांचं वजनही असतं. हाफ प्लेटहून मोठी, साडेसहा बाय साडेआठ इंची प्लेट एकटीच सव्वाशे-दीडशे ग्रॅमची. पावसाळ्यात मऊ झालेला थर या वजनाखाली शेजारच्या कागदात रुततो. चिकटलेल्या काचा सुरीनं किंवा वाफेनं सोडवायला जाऊ नका. आहेत तशा, आहेत त्याच क्रमानं, बाजूला ठेवा.

याच कारणानं पेटी भर उन्हाळ्यात उतरवून थेट कुलरच्या खोलीत आणू नका. कुलर खोलीत ओलावाच भरतो. कोरडा ठणठणीत थर अचानक फुगतो आणि सुटलेल्या कडा वळतात. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने या कामाला बरे. उन्हाळ्यातच उतरवावी लागली तर झाकण न उघडता पेटी कुलर नसलेल्या आतल्या खोलीत एक-दोन दिवस राहू द्या. उचलताना तळाला पाटी किंवा फळी लावा. कुजलेला तळ वजनानं सुटतो.

ठेवण्याची जागा म्हणजे तळमजल्यावरचं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं लोखंडी कपाट. जमिनीवर नाही, आणि न्हाणीघराच्या भिंतीला लागून तर नाहीच. हवेत तीस ते चाळीस टक्के आर्द्रता असेल तर उत्तम. साठच्या वर गेली की बुरशीचं भय. प्रत्येक काचेला आम्लविरहित कागदाचं चार पाकळ्यांचं पाकीट करा: अधिक चिन्हासारखा कागद कापा, काच मध्ये ठेवा, चारही पाकळ्या वर घडी करा. डिंक नको, शिवण नको. पाकिटावरची नोंद काच आत घालण्याआधी पेन्सिलीनं करा. मग काचा लांब कडेवर उभ्या ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, पावसाळ्यात तिच्यात ओलावा कोंडतो.

फुटलेली काच मात्र उभी ठेवू नका. तिला फेविकॉल किंवा सेलोटेप लावू नका. तुकडे जाड पुठ्ठ्यावर आडवे, एकमेकांपासून थोडे दूर ठेवा, म्हणजे फुटक्या कडा घासून चित्र झिजणार नाही.

नातेवाइकांना चित्रं दाखवायची असतील तर स्कॅनरवर काच दाबू नका. टॅब्लेटवर कोरं पांढरं पान उघडा आणि पूर्ण उजेड द्या. पडद्याच्या कडेला पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या ठेवा आणि त्यांवर निगेटिव्ह अशी ठेवा, की चित्राची बाजू वर येईल. काच पडद्यापासून थोडी उंच राहिली की पडद्याचे ठिपके फोटोत उमटत नाहीत. खोलीतले दिवे मालवा, फोन सरळ वर धरून फोटो घ्या. मग फोनमध्ये रंग उलटे करा आणि चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटवा, कारण तुम्ही ते थराच्या बाजूनं टिपलेलं आहे. फोटोला पाकिटावरचाच क्रमांक द्या. मग तो फोटो घरातल्या मोठ्या माणसांपुढे धरा, आणि ते जी नावं सांगतील ती त्याच क्रमांकापुढे वहीत उतरवा.

नमस्कार.