स्वस्त तिकीट, मधलं एअरपोर्ट आणि ट्रान्झिट व्हिसा

सर्च केलं की यादीत सगळ्यात वर जे तिकीट येतं ना, त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मध्ये साडेसहा तासांचा हॉल्ट, लंडन. आपण म्हणतो वा, निवांत वेळ आहे, आणि पैसे भरून मोकळे. आज मी फक्त या एका लंडनवरच बोलणार आहे, कारण ही एक केस नीट समजली की बाकीच्या आपोआप समजतात.

तर त्या ओळीवर टॅप करून डिटेल उघडा. उतरताय LHR ला, म्हणजे हीथ्रो, दुपारी २:१०. पुढचं विमान रात्री ८:४० ला LGW वरून, म्हणजे गॅटविक. ही दोन वेगळी एअरपोर्टं आहेत, रस्त्याने साधारण ६५ किलोमीटर लांब, मध्ये M25 नावाचा रिंग रोड आणि त्याच्यावरचं ट्रॅफिक. सर्चवाल्याला दोन्ही म्हणजे लंडनच. आणि हो, एकाच बुकिंगमध्ये सुद्धा असं जोडून विकतात, त्यामुळे एकाच पीएनआरवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, मधला प्रवास बहुतेक वेळा तुमचा तुम्हीच करायचा असतो.

वेळेचा हिशोब केला तर तसं जमतं. उतरून, इमिग्रेशनची रांग लावून, बॅगा घेऊन बाहेर पडेपर्यंत चार वाजले धरा, कोच पकडून गॅटविकला पोचेपर्यंत सहा, बॅग ड्रॉप विमानाच्या तासभर आधी बंद होतो असं धरलं तरी दीडेक तास हातात उरतो. पहिलं विमान दोन तास लेट झालं तर मात्र खेळ खल्लास. पण खरी गोची वेळेची नाहीच, इमिग्रेशनची आहे. गॅटविकला जायचं तर ब्रिटनमध्ये शिरावं लागतं.

ब्रिटनचे ट्रान्झिट व्हिसे दोन आहेत. एक डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे तुम्ही एअरपोर्टच्या आतच राहून दुसरं विमान पकडणार. दुसरा व्हिजिटर इन ट्रान्झिट, म्हणजे इमिग्रेशन पार करून बाहेर येणार आणि ४८ तासांच्या आत निघून जाणार. भारतीय पासपोर्टला एरवी आत बसायलाही पहिला लागतो, पण आपल्या केसमध्ये तो असून उपयोग नाही, दुसराच पाहिजे.

इथे कोणीतरी म्हणतंच की अहो माझ्याकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, मला सूट आहे. आहे ना, पण कुठली ते बघा. व्हॅलिड अमेरिकन व्हिसा असला तर एअरसाइडची सूट मिळते, मग तुम्ही अमेरिकेला जात असा वा नसा. बाहेर पडायच्या सवलतीसाठी मात्र प्रवास अमेरिकेकडे जाणारा किंवा तिकडून परतणारा असावा लागतो, त्याच्याही अटी आहेत, आणि आत सोडायचं की नाही हे शेवटी तिथला ऑफिसरच ठरवतो. म्हणजे समजा तुम्ही लंडनवरून दक्षिण अमेरिकेत चाललाय. तोच पासपोर्ट, तोच अमेरिकन व्हिसा, हीथ्रो ते हीथ्रो असेल तर चालून जाईल, हीथ्रो ते गॅटविक असेल तर तोच माणूस अडकेल! मला विचाराल तर या एका फरकावर सगळ्यात जास्त लोक फसत असणार, कारण "मागच्या वेळी काही लागलं नव्हतं" हे खरंच असतं.

अडकतो कुठे, तर लंडनला नाही, निघतानाच चेक-इन काउंटरवर. तिथला स्टाफ Timatic या व्हिसा-नियमांच्या डेटाबेसमध्ये तुमचा पासपोर्ट आणि रूट टाकून बघतो, कागद पुरे नसलेला माणूस नेला तर एअरलाइनला दंड बसतो म्हणून ते रिस्क घेत नाहीत. आणि कागदांमुळे बोर्डिंग नाकारलं तर नुकसानभरपाई विसरा.

एअरपोर्ट एकच असेल तरी दोन वेगळी तिकिटं स्वतः जोडली असतील तर बॅग आपल्यासाठी पुढच्या विमानात कोणी टाकत नाही, ती बेल्टवर येते, आणि बेल्ट बहुतेक ठिकाणी इमिग्रेशनच्या पलीकडे, म्हणजे परत तीच गोष्ट. अमेरिकेत तर आत बसून ट्रान्झिट हा प्रकारच नाही, नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपातल्या देशांत, पॅरिसला उतरून फ्रँकफर्टमार्गे बाहेर जाणार असाल तर पॅरिस-फ्रँकफर्ट हे त्यांच्या हिशोबाने घरातलंच विमान, इमिग्रेशन पॅरिसलाच होतं, त्यामुळे एअरपोर्ट ट्रान्झिटचा ए टाइप व्हिसा तिथे पुरत नाही.

म्हणून पैसे भरायच्या आधी उतरायचा कोड आणि चढायचा कोड शेजारी शेजारी वाचा. टोकियोची NRT-HND, इस्तंबूलची IST-SAW, पॅरिसची CDG-ORY, न्यूयॉर्कची JFK-EWR अशा जोड्या दिसल्या की थांबायचं. मग तिकीट एक की दोन, बॅग शेवटपर्यंत टॅग होणार का, हे एअरलाइनला लेखी विचारा, एजंटच्या "होऊन जाईल"वर जाऊ नका, आणि व्हिसाचा नियम त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतःच्या पासपोर्टने तपासा. त्यानंतर व्हिसाची फी, कोचचं भाडं, व्हिसा यायला लागणारे दिवस हे सगळं त्या स्वस्त तिकिटात मिळवा आणि यादीतल्या दुसऱ्या नंबरच्या तिकिटाशी ताडून बघा.